कामातला धडा दोनशे शब्दांत

कामातून मिळालेला धडा मराठीत लिहून ठेवायचा म्हटला, की पहिल्या खेपेला बहुधा सुभाषितच उतरते. ‘मोजमाप नेहमी काळजीपूर्वक घ्यावे.’ वाक्य खोटे नाही, पण ते लिहायला त्या दिवशी कामावर जायचीही गरज नव्हती. दीड-दोनशे शब्दांच्या टिपणाचा उपयोग सुरू होतो तो अशा वाक्याला ‘म्हणजे नेमके काय?’ असे विचारल्यावर. काय घडले, का घडले, कशावरून कळले आणि हे कुठवर लागू आहे, एवढे त्यात आले की टिपण पुरे होते. ऐकायला सोपे वाटते. अडचण दुसऱ्या प्रश्नाशी येते.

रोजच्या हाताळणीतल्या गोष्टी आपल्याला कळलेल्या आहेत असे माणसाला वाटत असते. येल विद्यापीठातील लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे नेमके दिसले. चेन, कुलूप, फ्लशची टाकी अशा वस्तू आपल्याला किती समजतात याला लोकांनी आधी स्वतःच गुण दिले. मग त्या वस्तूचे काम कसे चालते ते पायरीपायरीने लिहायला सांगितले आणि पुन्हा गुण द्यायला लावले. दुसऱ्या वेळी गुण खाली आले. वस्तू रोज वापरली म्हणजे तिच्यातली साखळी ठाऊक असते असे नाही, आणि तुटलेली कडी बोलताना लक्षात येत नाही. ऐकणारा मान डोलावतो, हातवारे उरलेले काम भागवतात. कागदावर ही सोय नसते.

यंत्रशाळेतले एक उदाहरण घेऊ. ॲल्युमिनियमच्या एका जॉबमध्ये १०० मिलिमीटरचा बोअर करायचा आहे. ड्रॉइंगवर एच-७ टॉलरन्स दिलेला आहे, म्हणजे व्यास १०० मिलिमीटरपेक्षा कमी चालणार नाही आणि ३५ मायक्रॉनपेक्षा जास्त वाढलेलाही चालणार नाही. मशीनवर ऑपरेटर मोजतो, माप बरोबर येते. तोच जॉब दोन-तीन तासांनी तपासणी विभागात जातो आणि बोअर लहान म्हणून रिजेक्ट होतो. ऑपरेटर म्हणतो, माझ्याकडे ओके होता. तपासणारा म्हणतो, माझ्याकडे नाही. अशा वेळी अहवालाच्या ठरलेल्या रकान्यात ‘कारण : ऑपरेटरचे दुर्लक्ष, उपाय : ऑपरेटरला समज दिली’ असे भरले जाते आणि कागद फाइलला लागतो. अहवाल पुरा होतो, जॉब मात्र रिजेक्ट होतच राहतात.

हीच हकिगत साध्या मराठीत, कर्ता आणि क्रियापद न गाळता लिहायला घेतली, की प्रश्न उभे राहतात. दुर्लक्ष झाले म्हणजे कोणी काय केले नाही? त्याने माप घेतले होते का? घेतले होते. गेज बिघडलेले होते का? तपासले, ठीक होते. मग टूल झिजले असेल? झिजलेल्या टूलने बोअर लहान होतो हे खरे, पण तसे असते तर तो मशीनवरही लहानच भरला असता. इथे मशीनवर माप बरोबर आहे आणि फरक नंतर पडतो आहे. म्हणजे दोन मोजण्यांच्या मधल्या वेळात काहीतरी बदलते, आणि त्या वेळात जॉबला एकच गोष्ट घडलेली असते : तो निवलेला असतो.

इथवर आलेला लेखक पुढच्या वाक्याशी हमखास अडखळतो. गरम झाल्यावर धातू फुगतो, मग भोक आकसायला नको का? बोलण्यात हा प्रश्न कोणी विचारत नाही. लिहिताना त्याला वळसा घालता येत नाही. उत्तर असे की भोकही धातूच्या प्रमाणातच मोठे होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना ती तापवून घेतात ते याच कारणाने : तापल्यावर ती चाकावर सहज बसते आणि निवल्यावर आवळून धरते. तेव्हा गरम बोअर मोठा भरतो आणि थंड झाल्यावर लहान होतो.

आता किती, ते लिहायचे. एक मीटर लांबीचे ॲल्युमिनियम एका अंशाला साधारण २३ मायक्रॉन वाढते, म्हणजे १०० मिलिमीटरला २.३ मायक्रॉन. जॉब गेजपेक्षा २५ अंश सेल्सिअसने गरम असेल, तर बोअर सुमारे ५७ मायक्रॉनने मोठा दिसेल. मुभा आहे ३५ची. मशीनवर १००.०२० भरलेला बोअर निवल्यावर ९९.९६३च्या आसपास येतो. हा आकडा मांडल्यावर ऑपरेटरच्या डोक्यावरचा दोष आपोआप उतरतो, कारण त्याने कितीही काळजीने मोजले असते तरी माप चुकलेच असते.

टिपणाचा शेवटचा भाग मर्यादेचा, आणि बहुतेक जण तोच गाळतात. ‘जॉब गरम असताना मोजू नये’ एवढेच लिहिले तर नियम अर्धवट राहतो. जॉब आणि गेज दोन्ही पोलादाचे आणि सारखेच तापलेले असतील, तर दोन्ही सारखेच फुगतात आणि चूक जवळजवळ फिटते. उलट ॲल्युमिनियमच्या बाबतीत जॉब निवला तरी काम संपत नाही. मापांसाठी प्रमाण तापमान २० अंश धरलेले आहे. एप्रिलमध्ये शेडमध्ये ३५ अंश असताना पोलादी गेज आणि ॲल्युमिनियमचा जॉब दोन्ही ३५ अंशांवर आले, तरी पोलाद जवळपास निम्मेच वाढत असल्याने बोअर सुमारे १७ मायक्रॉनने मोठा दिसतो. म्हणजे निम्मा टॉलरन्स हवेतच गेला. लिहायला बसलेल्या माणसाला नेमके इथे कळते, की सुटलेल्या प्रश्नाखाली दुसरा प्रश्न होता.

भाषेबद्दल एक सावधगिरी. मराठीत लिहिले म्हणून विचार आपोआप स्वच्छ होत नाही. ‘योग्य ती दक्षता घेण्यात यावी’ हे वाक्य कोणत्याही इंग्रजी अहवालाइतकेच पोकळ आहे : कोणी, केव्हा, काय करायचे, यातले काहीच त्यात नाही. मराठीचा फायदा मिळतो तो शेडमध्ये जसे बोलले जाते तसे लिहिले तर. बोअर, गेज, टॉलरन्स हे शब्द तसेच राहू द्यावेत. त्यांना जड प्रतिशब्द शोधण्यात संध्याकाळ घालवणे व्यर्थ आहे. कस क्रियापदांचा लागतो.

टिपण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी लिहिलेले बरे. कारण सापडल्यावर ते आपल्याला आधीपासून दिसत होते असे वाटू लागते. बारूक फिशहॉफ यांनी १९७५ साली ही सवय प्रयोगांनी दाखवून दिली. म्हणून पहिला संशय कशावर होता, हेही एका ओळीत नोंदवावे. वरच्या उदाहरणात ती ओळ ‘आधी टूल झिजल्याचा संशय’ अशी असेल. टिपण इतरांना वाचायला द्यायचे असेल, तर गिऱ्हाइकाचे नाव, ड्रॉइंगचा क्रमांक आणि सहकाऱ्याची ओळख गाळावी. धातू, व्यास, तापमान आणि टॉलरन्स ठेवले तरी मुद्दा पुरा कळतो.

एकाच घटनेवरून काढलेले कारण हा तोवर अंदाजच असतो. त्याची परीक्षा टिपणातच लिहून ठेवता येते : पुढच्या पाच जॉबचे माप मशीनवरून उतरवताच आणि तीन तासांनी, अशा दोन्ही वेळी घ्यायचे. फरक पन्नास-साठ मायक्रॉनच्या घरात आला तर कारण टिकले. पाच-दहाच आला, तर जॉब चकमध्ये जास्त आवळला जात असेल आणि सुटल्यावर बोअरचा आकार बदलत असेल, हा संशय तपासायला घ्यायचा. तसे निघाले तर जुन्या टिपणाखालीच तारीख घालून दुरुस्ती लिहायची. मूळ मजकूर खोडायचा नाही.