एका कागदाचं काम

काचीगुड्याहून नांदेडच्या गाडीत बसलो तेव्हा पिशवीत तीन पानं होती. गावच्या जवानाचा पहिला स्मृतिदिन, सूत्रसंचालन माझ्याकडे. हैदराबादेत मराठी शिकवून निवृत्त झालो, मंडळाचे कार्यक्रम बरेच केले. तसली तीन पानं मी झोपेतही लिहीन. कार्यक्रमाच्या वेळी हातात एकच कागद उरला होता, तोही एका बाजूनं लिहिलेला.

अंत्यसंस्काराला लष्कराची शिस्त असते. 2020च्या जूनमध्ये गलवानमध्ये गेलेले कर्नल संतोष बाबू आमच्या शेजारच्या सूर्यापेटचे. करोनामुळे केसारमला मोजक्या लोकांत त्यांचे अंत्यसंस्कार झाले, तरी रीत तीच. शवपेटीवरच्या तिरंग्याचा केशरी पट्टा डोक्याकडे, अग्नी देण्याआधी तिरंगा काढून घडी करायची आणि घरच्यांच्या हाती द्यायची. वर्षानंतरच्या कार्यक्रमाला असं काही ठरलेलं नसतं. तिथं गाव आणि माइक.

म्हणून एक दिवस आधीच जवानाच्या घरी गेलो. चौकातला फ्लेक्स वाटेत दिसला, ‘शहीद मेजर’ अमुक अमुक. आमच्याकडे फौजेत गेलेला कुणीही ‘मेजर’च. पण कागदोपत्री तो मराठा लाइट इन्फन्ट्रीत नायक होता. नायक व्हायला त्याला आठ वर्षं लागली होती, ती फ्लेक्सवाल्यानं एका शब्दात उडवली. वडिलांच्या हे लक्षात आलं होतं, पण सांगायचं कुणाला? सरपंचांना सांगून रात्रीतून पट्टी चिकटवली. ‘शहीद’ हा शब्दही लष्कराच्या कागदांत नसतो, तिथं ‘बॅटल कॅज्युअल्टी’ म्हणतात. फ्लेक्सवरचा तसाच राहू दिला, गावाला तो आपला वाटतो. माझ्या कागदावर मात्र ‘कर्तव्यावर असताना गेले’ एवढंच लिहिलं, आणि तारीख.

खरा पेच ओटीचा होता. कार्यक्रमपत्रिकेत ‘वीरपत्नीचा साडी-चोळी देऊन सत्कार’ असं छापलेलं. मी तिला विचारलं, “ताई, चालेल ना?” ती बराच वेळ परातीतले गहू निवडत राहिली. मग म्हणाली, “काका, मागं तालुक्याला असंच बोलावलं होतं. ताट घेऊन बाया वर आल्या. सासूबाईंना कुंकू लावलं आणि माझ्यापाशी येऊन थांबल्या. लावावं का नाही, एकमेकींकडं बघायल्या. सगळं गाव बघत होतं.”

शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे 2022मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला. इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं, असं शासनानं त्याच महिन्यात कळवलं. आमच्या गावात असा ठराव नाही, आणि तो एका रात्रीत करून घेणं माझ्या हातात नव्हतं. ताट काढून टाकणं होतं. ओटी नाही, साडी नाही, पाकीट नाही. जमवलेली रक्कम सकाळीच तिच्या खात्यात भरली आणि स्टेजवरून आकडा सांगायचा नाही असं ठरलं. हे ऐकून वर्गणी देणारे दोघे-तिघे नाराज झाले. होऊ दिलं.

स्टेजवरचा सोफाही हलवला. घरचे पहिल्या रांगेत साध्या खुर्च्यांवर बसले, त्यांच्या मागे त्यांचेच भाऊबंद. ज्याला भेटायचं त्यानं खाली यायचं. पाहुण्यांना सोफ्यापेक्षा हेच अवघड गेलं, कारण खाली फोटोग्राफर नीट उभा राहू शकत नव्हता.

मौन दोन मिनिटांचं असतं, पण मी पाहिलेलं बहुतेक चाळीस-पन्नास सेकंदांत उरकतं. सूत्रसंचालकालाच ती शांतता सोसत नाही. या वेळी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. स्पीकर सुरू असला की घुं करतो, म्हणून साउंडवाल्याला मशीनच बंद करायला सांगितलं. सव्वा मिनिटानंतर लोक चुळबुळू लागले. कुणाचं तरी लेकरू रडलं, आईनं त्याला पदराखाली घेतलं. मी घड्याळावरून नजर काढली नाही. दोन मिनिटं भरली, मशीन सुरू झालं आणि साउंडवाल्या पोरानं सवयीनं सिनेमातलं देशभक्तीचं गाणं लावलं, चांगलं मोठ्यानं. गाणं लावू नको हे त्याला सांगायचं माझ्याकडून राहिलं होतं. दोन ओळी वाजल्यावर बंद झालं.

मग कागद वाचला. नाव, गाव, हुद्दा, पलटण, तारीख. सुट्टीवर आला की गल्लीतल्यांच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग तो स्वतः भरून द्यायचा, मजुरी घ्यायचा नाही. शेवटच्या सुट्टीत त्यानं घरची तीन एचपीची मोटार भरली, ती अजून चालू आहे. एवढंच. टाळ्या वाजल्या नाहीत, वाजू नयेत असंच लिहिलं होतं. मागच्या रांगेतले दोघे शेतकरी मात्र एकमेकांशी काहीतरी कुजबुजले, बहुधा आपापल्या मोटारींबद्दल.

मंडप सुटू लागला तसे वडील आले आणि कागद मागितला. दिला. त्यांनी तो चष्म्याजवळ धरून ओळीवर बोट ठेवत वाचला आणि चार घड्या करून खिशात टाकला.

“गुरुजी, बाकी बरोबर आहे,” ते म्हणाले. “मोटार पाचची आहे.”