बोल्टभोवतीची पांढरी पूड

कोकण किनाऱ्यावर लोखंडी अँगलवर ॲल्युमिनियमचा पत्रा थेट आवळला, की खारट ओलाव्यात दोन्ही धातूंची बॅटरीच तयार होते आणि झिजते ते ॲल्युमिनियम. बोल्टभोवती पांढरी पूड दिसली की झीज सुरू झाली समजावे.

बोल्ट ३१६ स्टेनलेसचा चालतो; मोठ्या पत्र्यापुढे तो इवलासा असल्याने झीज विखुरते. उलट लोखंडी पत्र्यात ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारले, तर तेच लवकर संपतात. तरीही बोल्टच्या दांड्यावर नायलॉनचे बुश आणि डोक्याखाली नायलॉनचा वॉशर हवाच. पत्रा आणि अँगल यांच्यात ईपीडीएम रबराची पट्टी घालावी.

रंग आधी लोखंडाला द्यावा. नुसते ॲल्युमिनियम रंगवले, तर एखाद्या ओरखड्यापाशी सगळी झीज एकवटते आणि तिथेच भोक पडते.