तू मदत केलीस तर

कोइंब्रामधल्या एका मुलाला मराठी शिकायची होती आणि मला पोर्तुगीज. ऑनलाइन ओळख झाल्यावर पहिला निरोप मीच लिहायचा ठरला, तोही पोर्तुगीजमध्ये. मजकूर चारच वाक्यांचा होता. मी नाशिकची, पोर्तुगीज शिकतेय. तू मला पोर्तुगीजसाठी मदत केलीस तर मी तुला मराठी शिकवीन. दोन्ही भाषांना अर्धा-अर्धा तास चालेल का? आभार.

पहिला अडथळा ‘तू’चाच. ब्राझीलमधल्या माणसाला लिहायचं असतं तर ‘वोसे’ म्हणून मोकळी झाले असते, कारण तिथल्या बहुतेक भागांत मित्रालाही तेच म्हणतात. पोर्तुगालमध्ये मात्र ‘वोसे’ पुष्कळांच्या कानाला खटकतं. समवयस्काला तिथे ‘तू’ म्हणतात. उच्चारही आपलाच आणि वापरही बराचसा आपलाच! मी ‘तू’ ठेवलं.

खरी गंमत दुसऱ्या वाक्यात होती. पोर्तुगीजमध्ये ‘जर’ला ‘से’ म्हणतात. अजून न घडलेल्या गोष्टीबद्दल ‘से’ वापरलं, की साधा भविष्यकाळ चालत नाही. त्यासाठी क्रियापदाचं एक वेगळं रूप आहे. शेजारच्या स्पॅनिशमध्येही ते होतं, पण रोजच्या बोलण्यातून गेलं. पोर्तुगीजमध्ये मात्र शाळकरी पोरंही ते सहज वापरतात.

हे रूप करतात कसं? ‘येणे’ म्हणजे ‘वीर’. ‘ते आले’ म्हणजे ‘विएरांव’. या ‘विएरांव’चं शेपूट काढलं की ‘विएर’ उरतं, त्याला ‘तू’चा प्रत्यय लावला की ‘विएरश’. ‘से विएरश’ म्हणजे ‘तू आलास तर’. म्हणजे उद्याच्या येण्याबद्दल बोलायचं, तर धातू भूतकाळातून उचलायचा!

हे वाचलं आणि मी आपली मराठी ऐकली. आपणही ‘तू उद्या आलास तर’ असंच म्हणतो. उद्या आणि आलास! लिस्बनपासून हजारो मैलांवर, वेगळ्याच वाटेने, मराठीनेही ‘जर-तर’साठी भूतकाळाचंच रूप हाताशी धरलंय. इतकी वर्षं हे वाक्य बोलत होते, पण त्यातलं आश्चर्य पोर्तुगीजने दाखवलं.

मराठीतून विचार केला तर इथली चूक टळते. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी ‘से’नंतर वर्तमानकाळ घालतो आणि फसतो. अर्थात दुसरा एक खड्डा सगळ्यांसाठीच आहे. ‘पाहणे’ म्हणजे ‘वेर’, आणि त्याचं हे जर-तरचं रूप होतं ‘वीर’. ‘येणे’चं मूळ रूपही ‘वीर’च. म्हणून ‘से वीरश’ म्हणजे ‘तू पाहिलंस तर’, येण्याशी त्याचा संबंध नाही. इथे पोर्तुगीज बोलणारेही अडखळतात, तेव्हा मला लाज वाटायचं कारण नाही.

माझं वाक्य तसं सोपं होतं, कारण ‘मदत करणे’, ‘अझुदार’, हे शिस्तीचं क्रियापद आहे. ‘से मे अझुदारश’, झालं. शेवटी ‘ओब्रिगादा’. पुरुष असते तर ‘ओब्रिगादु’ लिहावं लागलं असतं. आभार मानताना पोर्तुगीज माणूस स्वतःचं लिंग सांगतो. ‘मी शिकते’ म्हणताना मात्र सांगत नाही. आपलं नेमकं उलट.

बदल्यात काय शिकवायचं, हेही मी ठरवून ठेवलं होतं. पहिला शब्द चावी. तो आपल्याकडे पोर्तुगीजांकडूनच आला, पण आज कोइंब्राचा माणूस त्याला ‘शाव’ म्हणतो. तिथे पूर्वी या जागी ‘च’ होता, नंतरच्या शतकांत तो घासून ‘श’ झाला. उत्तर पोर्तुगालच्या काही बोलींत तो अजून ऐकू येतो. मराठीने शब्द घेतला तेव्हाचा ‘च’ तसाच जपला. त्याच्या पूर्वजांचा उच्चार त्याला माझ्याकडून शिकावा लागणार! आणि पोर्तुगीजमधून मराठी शिकवण्यातही नवल नाही. मराठीचं पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं व्याकरण 1778 साली रोममध्ये छापलं गेलं होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तो तयार होता. मग मी माझ्याच निरोपाचं मराठी रूप त्याला पहिला धडा म्हणून पाठवलं. ‘तू मदत केलीस तर’. त्याने ते दोनदा वाचलं असावं, कारण लगेच प्रश्न आला, मी तर मुलगा आहे, मग ‘केलीस’ कसं?

मी लिहिलं, ते तुझ्यामुळे नाही, मदतीमुळे आहे. मदत स्त्रीलिंगी. तू फोन केलास तर ‘केलास’ म्हणेन, काम केलंस तर ‘केलंस’, आणि आलास तर मात्र तुझ्याच मागे जाईन.

बराच वेळ उत्तर नव्हतं. मग आलं, ‘अर्धा तास पुरणार नाही.’