विश्लेषण : लस गोठली की नाही, हे कसे ओळखतात?

लसीच्या कुपीवरील व्हीव्हीएम उत्तम स्थितीत आहे, मुदतही संपलेली नाही. तरीही ती लस फेकावी लागेल का? सार्वजनिक आरोग्याच्या परीक्षांमध्ये हा प्रश्न वेगवेगळ्या रूपांत येतो आणि अनेकांचे उत्तर चुकते. शीतसाखळी म्हणजे लस गार ठेवणे, एवढेच डोक्यात पक्के झालेले असते. प्रत्यक्षात काही लसींना उष्णतेइतकाच, किंबहुना अधिक धोका अतिथंडीचा असतो.

गोठल्याने नेमके काय बिघडते?

प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्व लसी आयएलआरमध्ये, म्हणजे आइसलाइन्ड रेफ्रिजरेटरमध्ये, २ ते ८ अंश सेल्सिअसला ठेवतात. शेजारचा डीप फ्रीझर तेथे आइसपॅक गोठवण्यासाठी असतो, लसींसाठी नव्हे. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी, पीसीव्ही या लसींतील प्रतिजन अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराच्या बारीक कणांना चिकटलेले असते. द्रव गोठताना बर्फाचे स्फटिक हे कण एकमेकांवर दाबतात आणि त्यांच्या गुठळ्या होतात. बर्फ वितळला तरी त्या सुटत नाहीत. अशा लसीची परिणामकारकता घटते, शिवाय टोचलेल्या जागी निर्जंतुक गळू होण्याची शक्यता वाढते. अडचण अशी, की वितळलेली कुपी हलवली तर ती पूर्वीसारखीच दुधाळ दिसते.

व्हीव्हीएम मदतीला का येत नाही?

व्हीव्हीएमच्या वर्तुळातला चौकोन उष्णतेने हळूहळू गडद होतो. तो बाहेरच्या वर्तुळाच्या रंगाशी जुळला किंवा त्याहून गडद झाला, की कुपी बाद. पण हा निर्देशक फक्त साचलेली उष्णता मोजतो, थंडी नाही. त्यामुळे गोठून वाया गेलेल्या कुपीवरचा चौकोनही फिकटच राहू शकतो. परीक्षेतील सापळा बहुधा इथेच असतो.

शेक टेस्ट कशी करतात?

समजा, सोमवारी सकाळी केंद्रातील आयएलआरचा तापमापक उणे २ अंश दाखवतो. थर्मोस्टॅटला कुणीतरी हात लावलेला आहे. रविवारची नोंद नाही. खरे तर सुट्टीच्या दिवशीही दिवसातून दोनदा नोंद व्हायला हवी. आत पेंटाव्हॅलंटच्या कुपी आहेत, त्या द्रवरूपच दिसतात. त्या मधल्या काळात गोठून पुन्हा वितळल्या का, हे ठरवायचे आहे.

त्यासाठी त्याच लसीची, त्याच उत्पादकाची आणि त्याच बॅचची एक कुपी घेऊन तिच्यावर ‘गोठवलेली, वापरू नये’ असे लिहितात. ती रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवून दगडासारखी गोठवतात आणि नंतर आपोआप वितळू देतात. गरम पाण्यात धरत नाहीत. ही झाली तुलनेची कुपी. मग ती आणि संशयित कुपी एकाच हातात धरून १० ते १५ सेकंद जोरात हलवतात आणि सपाट पृष्ठभागावर शेजारी शेजारी ठेवतात. त्यानंतर अर्धा तास केवळ पाहायचे असते. गोठवलेल्या कुपीतील गुठळ्या जड असल्याने लवकर तळाशी बसतात आणि वरचा द्रव स्वच्छ होऊ लागतो. संशयित कुपीतला साका याहून सावकाश बसला तर लस वापरता येते. तो तितक्याच किंवा अधिक वेगाने बसला, तर ती बाद.

साका दिसला म्हणजे लस खराब, असा अर्थ मात्र नाही. चांगल्या कुपीतही थोड्या वेळाने साका बसतोच, फरक वेगाचा आहे. म्हणून तुलनेच्या कुपीशिवाय ही चाचणी निरर्थक ठरते. आयएलआरमध्ये दोन बॅच असतील तर प्रत्येकीसाठी तुलनेची कुपी वेगळी लागते.

कुठे लागू नाही?

कुपी गोठलेल्या अवस्थेतच सापडली, तर चाचणीची गरज नाही. ती थेट बाद. आयपीव्ही गोठण्याने खराब होते, पण तिच्यात अ‍ॅल्युमिनियमचा क्षार नसल्याने शेक टेस्टने काही कळत नाही. तोंडावाटे देण्याच्या पोलिओ लसीचे गोठल्याने बिघडत नाही, ती उष्णतेला हळवी. बीसीजी आणि एमआर यांच्या कोरड्या भुकटीलाही गोठण्याने इजा होत नाही, मात्र त्यांचा विद्रावक गोठवायचा नसतो, कारण काचेला तडा जाऊ शकतो.

गोठण्याची सुरुवात होते कुठे?

बहुतेकदा साध्या जागी. वरून उघडणाऱ्या आयएलआरचा तळ सर्वांत थंड, म्हणून पेंटाव्हॅलंट, टीडीसारख्या लसी वरच्या बाजूला, बास्केटमध्ये ठेवतात. तळ किंवा भिंतीला कुपी टेकू देत नाहीत. दुसरी जागा व्हॅक्सिन कॅरिअर. डीप फ्रीझरमधून काढलेले चार आइसपॅक घाईत तसेच भरले, तर त्यांना टेकलेली कुपी गोठू शकते. म्हणून ते बाहेर ठेवून आधी ‘कंडिशन’ करतात. पृष्ठभागावर घाम यावा लागतो आणि पॅक कानाजवळ हलवल्यावर आत पाणी खळखळल्याचा आवाज यावा लागतो. किती मिनिटे लागतील, हे हवामानावर अवलंबून. उन्हाळ्यात हे लवकर होते, थंडीत बराच वेळ लागतो. त्यामुळे घड्याळापेक्षा हा आवाज अधिक विश्वासार्ह.