तीस दिवस उलटले, तरी हर्नियाचे चोवीस महिने राहतातच

"अरे, तीस दिवस केव्हाच होऊन गेले की! अकरावा महिना चाललाय पॉलिसीला. मग आता कसला वेटिंग पिरियड?" फोनवर काकांचा आवाज चढला होता. काका निवृत्त शिक्षक. आदल्याच दिवशी उजव्या जांघेतल्या हर्नियाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यातून कॅशलेसचा अर्ज गेला होता आणि संध्याकाळी नकाराचं पत्र आलं होतं. पत्रात कारणाच्या रकान्यात एक ओळ होती आणि तिच्यापुढे एक कोड, Excl02.

त्या कोडपाशीच सगळी मेख आहे. एजंटाने काकांना पॉलिसी देताना "तीस दिवस थांबायचं, मग सगळं चालू" एवढंच सांगितलं होतं. ते तीस दिवस म्हणजे पॉलिसीच्या कागदात Excl03 या कोडखाली येणारा सुरुवातीचा प्रतीक्षा काळ. पहिली पॉलिसी सुरू झाल्यापासून तीस दिवसांत अपघात सोडून कुठल्याही आजाराच्या उपचाराचा खर्च मिळत नाही. एकतिसाव्या दिवशी डेंग्यू झाला, न्यूमोनिया झाला, तर दावा करता येतो. काकांना एजंटाने सांगितलेलं खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

उरलेलं अर्धं Excl02 मध्ये आहे. तिथे ठरावीक आजारांची आणि शस्त्रक्रियांची यादी असते आणि त्या यादीपुरता काळ वेगळा, लांबलचक असतो. 'आरोग्य संजीवनी' या सगळ्या कंपन्यांकडे मिळणाऱ्या प्रमाणित पॉलिसीची यादी पाहिली तर अंदाज येतो. सर्व प्रकारचे हर्निया, हायड्रोसील, मोतीबिंदू, मूळव्याध आणि भगंदर, पित्ताशयातले नि मूत्रमार्गातले खडे, गर्भाशय काढणं, टॉन्सिल, प्रोस्टेटची वाढ, पायांच्या फुगलेल्या शिरा या सगळ्यांना चोवीस महिने. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया नि वयोमानाने होणारी सांध्यांची झीज यांना त्याहून जास्त. २०२० साली ही पॉलिसी आली तेव्हा सांधेबदलाला अठ्ठेचाळीस महिने होते. एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने अशा कोणत्याही प्रतीक्षेला छत्तीस महिन्यांची कमाल मर्यादा घातली आहे. इतर पॉलिसींच्या याद्या थोड्याफार वेगळ्या असतात, म्हणून आपल्याच पॉलिसीची यादी वाचावी लागते.

नेमके हेच आजार का? यादी पुन्हा वाचली की लक्षात येतं. हे बहुतेक सावकाश वाढणारे आजार आहेत आणि त्यांचं ऑपरेशन तारीख ठरवून करता येतं. गुडघा एका रात्रीत झिजत नाही. डॉक्टरांनी "बदलावा लागेल" म्हटल्यावर पॉलिसी घेऊन दुसऱ्या महिन्यात ऑपरेशन करता आलं असतं, तर दुखेपर्यंत कोणी हप्ता भरलाच नसता, आणि जे आधीपासून भरत होते त्यांचे हप्ते वाढले असते. हा तर्क मला पटतो. पटत नाही ते एवढंच, की तो ग्राहकाला सही घेण्याआधी कोणी सांगत नाही.

काकांचा पुढचा प्रश्न सगळेच विचारतात. "मला हा आजार पॉलिसी घेतल्यानंतर झाला. आधी काही नव्हतं. तरीही?" तरीही. आजार आधीपासून असेल तर त्याचा हिशोब Excl01 मध्ये होतो, तो तिसरा आणि वेगळा प्रतीक्षा काळ. Excl02 मात्र आजार कधी जडला हे पाहतच नाही. यादीत नाव आहे आणि महिने पूर्ण झाले नाहीत, एवढ्यावर निकाल. तब्येत ठणठणीत असल्याचे रिपोर्ट पॉलिसी घेताना दिले असले तरी फरक पडत नाही.

अपघाताला मात्र सूट आहे. स्कूटरवरून पडून खुब्याचं हाड मोडलं आणि सांधा बदलावा लागला, तर छत्तीस महिने आड येत नाहीत. काकांनी लगेच धागा पकडला, "मी गव्हाचं पोतं उचललं आणि त्याच वेळी जांघेत कळ आली. हा अपघातच ना?" दुर्दैवाने नाही. पॉलिसीतली अपघाताची व्याख्या बाहेरून, अचानक आणि दिसेल अशा आघाताची असते. पोतं आपण होऊन उचललेलं असतं. तिथे कंपनी अडते आणि तिथे भांडून सहसा काही हाती लागत नाही.

आता तारखा मांडू. काका-काकूंची पाच लाखांची पॉलिसी १२ जून २०२४ ला सुरू झाली. तीस दिवस जुलैच्या मध्याआधीच संपले. हर्नियाचे चोवीस महिने ११ जून २०२६ ला संपतात, काकूंच्या गुडघ्यांचे छत्तीस ११ जून २०२७ ला. काकूंना गुडघेदुखी आधीपासून होती आणि त्यांनी ती प्रस्तावाच्या अर्जात लिहिली होती. त्यामुळे त्यांना 'आधीपासूनचा आजार' आणि 'यादीतला आजार' अशा दोन्ही प्रतीक्षा लागू होतात. पण दोन्हींची बेरीज होत नाही. त्या एकाच दिवशी सुरू होतात आणि त्यांतली मोठी असेल ती धरतात.

खरा घोळ पुढे आहे. जून २०२५ च्या नूतनीकरणात काकांनी विमा पाचचा दहा लाख केला. वाढवलेल्या पाच लाखांसाठी घड्याळ पुन्हा शून्यापासून सुरू होतं. समजा, ऑगस्ट २०२७ मध्ये काकूंचे दोन्ही गुडघे बदलले आणि बिल साडेसहा लाख आलं. कागदावर दहा लाखांचा विमा असला तरी त्या दिवशी गुडघ्यांसाठी मूळचे पाचच लाख मोकळे असतील. वरचे पाच जून २०२८ मध्ये मोकळे होतील. ही ओळ पॉलिसीत असते, पण नूतनीकरणाच्या पावतीवर नसते.

मोजलेले महिने वायाही जातात. नूतनीकरणाची तारीख चुकली तर वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत मिळते. ती उलटली तर पॉलिसी नवी धरली जाते आणि तीस दिवसांपासून सगळं परत. कंपनी बदलायची असेल तर मात्र 'पोर्टिंग' करून घ्यावं, म्हणजे जुने महिने सोबत येतात. त्यासाठी अर्ज नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी करावा. जुनी पॉलिसी सोडून शेजारच्या कंपनीची नवी घेतली, तर तो फायदा मिळत नाही.

आणखी एक जागा सांभाळायला हवी, ती म्हणजे दवाखान्यातला केसपेपर. "किती दिवसांपासून आहे?" असं विचारल्यावर आपण सहज "झाली दोन-तीन वर्षं" म्हणून जातो आणि निवासी डॉक्टर तेच लिहितात. चोवीस महिने पूर्ण झालेला दावाही मग 'आजार आधीपासून होता, सांगितला नाही' म्हणून अडतो. खोटं सांगू नका, पण आठवून, नेमकं सांगा.

काकांनी मला विचारलं, "मग वर्षभर थांबू का?" याचं उत्तर पॉलिसीत नाही. गाठ आत ढकलली जात नसेल, खूप दुखत असेल, उलट्या होत असतील, तर आतडं अडकलेलं असू शकतं आणि मग तासांचा प्रश्न असतो. थांबायचं की नाही ते सर्जनने ठरवावं. काकांच्या सर्जनने थांबू नका म्हटलं. काकांनी ठेव मोडून ऑपरेशन करून घेतलं. घरी आल्यावर पॉलिसीच्या फाइलवर आतल्या बाजूला त्यांनी काकूंच्या गुडघ्यांच्या दोन तारखा लिहिल्या, जून २०२७ आणि जून २०२८, आणि प्रत्येकीपुढे रक्कम.