अडीच की पंचवीस?

फवारणीबद्दलचा आमचा चार मिनिटांचा व्हिडिओ पाहून एका शेतकरी काकांचा फोन आला. एसटीत बसले होते, मोबाइलचा आवाज बंद होता, त्यामुळे खालची अक्षरं वाचूनच व्हिडिओ बघत होते. त्यांचा प्रश्न एकच होता : "साहेब, एका लिटरला पंचवीस मिली? एवढं?" व्हिडिओत बोलणारा माणूस स्वच्छ "अडीच" म्हणतो. कॅप्शनमध्ये मी "२.५ मिली" लिहिलं होतं. दोन आणि पाचच्या मधला दशांशचिन्हाचा ठिपका काकांच्या फोनपर्यंत पोचलाच नव्हता.

चूक माझी होती. चोवीस इंची मॉनिटरवर हे कॅप्शन मी तीनदा तपासलं होतं आणि तिथे तो ठिपका ठळक दिसत होता. मग तो हरवला कुठे, हे शोधायला पट्टी आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसलो.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. कॅप्शन दोन तऱ्हेने देता येतं. एक म्हणजे वेगळी फाइल. तिच्यातली अक्षरं फोन स्वतः काढतो, म्हणून ती कायम रेखीव दिसतात आणि बघणाऱ्याला ती मोठीही करता येतात. दुसरी तऱ्हा म्हणजे अक्षरं चित्रातच बर्न करणं. एकदा बर्न केली की ती अक्षरं राहत नाहीत, चित्राचा भाग होतात. चित्र लहान झालं की तीही लहान होतात, चित्र धूसर झालं की तीही धूसर होतात. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या व्हिडिओसोबत वेगळी फाइल टिकत नाही, म्हणून आपल्याकडे बर्न करण्याचाच रिवाज आहे. त्यामुळे अक्षर किती मोठं ठेवायचं, हा निर्णय बघणाऱ्याच्या हातातून निघून आपल्या हातात येतो.

आता हिशेब. आमची फ्रेम १९२० बाय १०८० पिक्सेलची आणि फॉन्टचा आकार ५४ होता. पण ५४ ही अक्षराची उंची नव्हे. त्यात वरच्या मात्रा-वेलांट्यांची आणि खालच्या उकारांची जागाही धरलेली असते. फ्रेमचा स्क्रीनशॉट मोठा करून 'म' मोजला, तेव्हा शिरोरेघेपासून पायापर्यंत ३३ पिक्सेल भरले. फॉन्टच्या आकड्यावर विसंबण्यापेक्षा हाच आकडा धरावा, कारण एकाच आकड्याला दोन देवनागरी फॉन्टमधले 'म' सहज लहानमोठे निघतात.

माझ्या मॉनिटरवर हे ३३ पिक्सेल म्हणजे ९ मिलिमीटर. साडेसहा इंची फोन उभा धरला, तर पडद्याची रुंदी जेमतेम ६८ मिलिमीटर. आडवा व्हिडिओ तेवढ्यात बसवायचा, म्हणजे फ्रेमचा एक पिक्सेल ०.०३५ मिलिमीटरचा होतो आणि आमचा 'म' सुमारे १.१६ मिलिमीटरचा. फोन आडवा केला तर तोच दोन मिलिमीटरच्या थोडा वर जातो. पण गर्दीच्या एसटीत, एका हाताने दांडा धरून, फोन आडवा कोण करतो?

डोळ्याला मात्र मिलिमीटर कळत नाहीत, त्याला कोन कळतो. तेच अक्षर दुप्पट अंतरावर नेलं की डोळ्यापाशी निम्मा कोन करतं. वाचनाचा वेग आणि अक्षराचा आकार यांच्यावरच्या संशोधनात गॉर्डन लेग आणि चार्ल्स बिगेलो यांनी २०११ मध्ये मांडलेली मर्यादा इथे उपयोगी पडते : रोमन लिपीतल्या छोट्या 'एक्स'ची उंची सुमारे ०.२ अंशांपेक्षा कमी झाली की वाचनाचा वेग घसरू लागतो. ३५ सेंटिमीटरवर ०.२ अंश म्हणजे १.२ मिलिमीटर. आमचा 'म' त्या रेषेच्या किंचित खाली होता.

आणि ती रेषा रोमन अक्षरांची आहे. देवनागरीत तेवढ्याच उंचीत जास्त काही कोंबलेलं असतं. 'व' आणि 'ब' यांच्यात पोटातल्या एका तिरक्या रेघेचा फरक, 'प' आणि 'ष' यांचंही तसंच, 'मुलाचा' आणि 'मुलांचा' यांच्यात एक ठिपका. तो ठिपका आमच्या कॅप्शनमध्ये पाच पिक्सेलचा होता. उभ्या फोनवर तो ०.१८ मिलिमीटर भरतो, म्हणजे ३५ सेंटिमीटरवरून पावणेदोन मिनिटांचा कोन. अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. नेत्रतपासणीच्या तक्त्यावर ज्याची नजर ६/६ आहे त्याला एका मिनिटाचा तपशील सुटा दिसतो, ६/१२ वाल्याला दोन मिनिटांचा लागतो. दोन आकड्यांच्या मध्ये अडकलेला आमचा ठिपका दुसऱ्या गटाच्या हद्दीबाहेर पडला होता.

त्यात नेटवर्कची भर. रेंज कमी असली की व्हिडिओ ३६०पी वर उतरतो, म्हणजे फ्रेमची उंची १०८० वरून ३६० होते. 'म' ११ पिक्सेलचा उरतो आणि ठिपका जेमतेम पावणेदोन पिक्सेलचा. पावणेदोन पिक्सेल म्हणजे ठिपका नव्हे, डाग! फाइल लहान करताना असे बारीक तपशील पहिले पुसले जातात. काकांनी पंचवीस वाचलं ते अगदी रास्त होतं.

म्हणून मी माझ्यापुरती ०.३ अंशांची खूण ठरवली. चाळिशी लागलेला माणूस चष्मा नसला की फोन पन्नास सेंटिमीटरवर धरतो, तरीही ०.३ अंशांसाठी काढलेलं अक्षर तिथून ०.२ च्या वरच राहतं. ३५ सेंटिमीटरवर त्यासाठी १.८३ मिलिमीटर लागतात, म्हणजे 'म' ५२ पिक्सेलचा आणि फॉन्ट साधारण ८५ चा. मॉनिटरवर हा आकार अडाणी, बटबटीत दिसतो. दिसू द्यावा.

आकारानंतर उठाव, म्हणजे कॉन्ट्रास्ट. वेबसाइटसाठी वापरल्या जाणाऱ्या डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक नियमांत त्याचं माप दिलेलं आहे. उजळ आणि गडद अशा दोन्ही रंगांची तेजस्विता शून्य ते एकमध्ये काढायची, दोन्हींत ०.०५ मिळवायचे आणि भागाकार करायचा. पांढऱ्यावर काळं असेल तर २१ येतात. साध्या मजकुराला किमान ४.५ हवेत. वेब पानाची पार्श्वभूमी एका जागी थांबते, व्हिडिओची थांबत नाही, म्हणून सरासरी फ्रेम मोजून उपयोग नाही. अक्षरांमागचा भाग सर्वांत उजळ असलेली फ्रेम शोधून तीच मोजावी लागते. आमच्यात ती फ्रेम एकोणिसाव्या सेकंदाला होती. बोलणाऱ्याचा फिकट सदरा बरोबर कॅप्शनच्या मागे आला होता आणि त्याचा राखाडी २०० होता, म्हणजे ० काळा आणि २५५ पांढरा या मापावर. पांढऱ्या अक्षरांशी त्याचं गुणोत्तर १.७ आलं. तिथे अक्षरं वाचली जात होती ती केवळ काळ्या कडेच्या जोरावर.

कड हा सोपा उपाय वाटतो, पण देवनागरीत तिला मर्यादा आहेत. कड जाड केली की 'ष'चं पोट भरून येतं आणि शेजारच्या अक्षराची कड अनुस्वारावर चढते. मला पट्टी बरी वाटते. अक्षरांमागे काळी, अर्धपारदर्शक पट्टी ठेवायची. किती काळी ते मोजून ठरवता येतं. मागे शुभ्र पांढरं आहे असं धरू, याहून वाईट काही येणार नाही. ५० टक्के काळी पट्टी ठेवली तर गुणोत्तर ४ येतं, म्हणजे नापास. ६० टक्के ठेवली तर ५.७. सदऱ्यावर तीच ६० टक्के पट्टी ८ देते. दहा टक्क्यांनी नापासाचा पास होतो आणि हा फरक नुसत्या नजरेने घरात बसून कळत नाही.

घराबाहेर हे आकडे पुन्हा ढासळतात. फोनची काच बाहेरच्या उजेडाचा साधारण चार टक्के भाग परत फेकते. ढगाळ दिवशी उघड्यावर १०,००० लक्स उजेड असतो. त्यातून पडद्यावर सुमारे १२७ निटचा पांढुरका थर चढतो. फोन स्वतः ५०० निट देत असेल, तर तो थर अक्षरावरही चढतो आणि पट्टीवरही. शुभ्र पार्श्वभूमीवर ५.७ वाली पट्टी तिथे ३.२ वर येते. पूर्ण काळी पट्टी असती तर ४.९ उरले असते. आमचे प्रेक्षक बांधावर उभे राहून व्हिडिओ बघतात, म्हणून शेवटी मी पट्टी पूर्ण काळीच केली. कॅमेरावाला मित्र अजून नाराज आहे.

तिसरं माप वेगाचं, आणि तिथे मराठीचा वेगळाच घोळ आहे. नेटफ्लिक्सच्या नियमावल्यांत अनेक भाषांना सेकंदाला १७ कॅरेक्टर अशी मर्यादा आहे आणि सबटायटलची सॉफ्टवेअरं त्याच मापाने लाल खूण करतात. पण मशीन ज्याला कॅरेक्टर म्हणतं ते आपलं अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलन्त, सगळं ते वेगळं मोजतं. 'स्त्री' डोळ्याला एक अक्षर, मशीनला सहा.

आमच्या व्हिडिओतलं एक वाक्य घ्या : "शेतकऱ्यांनी माती परीक्षण करून मगच खत टाकावं". मशीनच्या हिशेबाने मोकळ्या जागा धरून ४३ कॅरेक्टर, डोळ्याच्या हिशेबाने २८. पडद्यावर ते दोन सेकंद होतं. मशीन म्हणतं सेकंदाला साडेएकवीस, चूक. अक्षरं मोजली तर चौदा, चालेल. शब्द मोजून बघू. बीबीसी मिनिटाला १६० ते १८० शब्दांचा वेग सुचवते. सात शब्दांना १६० च्या वेगाने २.६ सेकंद लागतात, मशीनच्या १७ च्या मर्यादेने २.५. दोन वेगळ्या वाटांनी जवळपास एकच उत्तर येतं, म्हणून या वाक्यापुरतं तरी मी मशीनचं ऐकलं. पण मराठीत शब्दही लांब असतात, "शेतकऱ्यांनी" आणि "खत" यांना सारखा वेळ देता येत नाही. रील्समध्ये एकेक शब्द उडवून दाखवायची फॅशन आहे तिची गोम इथेच आहे : बोलण्याच्या गतीने शब्द येतात-जातात आणि निसटलेल्या शब्दाकडे मागे वळून बघता येत नाही.

आकडे जुळले तरी माणसांकडून तपासून घेतल्याशिवाय मी आता व्हिडिओ पाठवत नाही. आवाज बंद, फोन उभा, व्हिडिओ ३६०पी वर. बघणारे विषयाशी अनोळखी हवेत, नाहीतर ते वाचत नाहीत, अंदाज बांधतात. "वाचता आलं का?" असं विचारायचं नाही, "हो" असंच उत्तर येतं. "किती मिली?" असं विचारायचं. आणि सरासरी न काढता सर्वांत सावकाश वाचणाऱ्याच्या वेळेवर कॅप्शनची लांबी ठरवायची.

हे सगळं एकत्र केलं की ओढाताण सुरू होते. ५४ च्या फॉन्टला एका ओळीत साधारण ४६ अक्षरं मावत होती, ८५ ला २९ मावतात. ओळी वाढवाव्यात तर चित्र झाकतं, कॅप्शन तोडावं तर प्रत्येक तुकडा पडद्यावर कमी वेळ राहतो. सुटका एकच, शब्द कमी करणं. "आपण काय करायचंय की" असली भरताड कॅप्शनमधून मी गाळून टाकली. बोलणाऱ्याला ती लागते, वाचणाऱ्याला नाही.

आणि दशांशचिन्ह? ते मोठं करण्याच्या भानगडीत पडलोच नाही. "२.५" च्या जागी "अडीच" लिहिलं. अर्धा, पाव, पाऊण, दीड, अडीच : ठिपक्याविना अपूर्णांक लिहायची सोय आपल्या भाषेत पहिल्यापासून होती, मीच ती विसरलो होतो.

नवा व्हिडिओ काकांना पाठवला. दुसऱ्या दिवशी फोन आला. "अडीच वाचलं. पण बाटलीच्या झाकणावर पाच आणि दहाच्याच खुणा आहेत, अडीच मोजू कशात?"