आदरांजली सभेसाठी जीवनपट कसा तयार करावा

आपल्याकडे जयंती, महापरिनिर्वाणदिन किंवा एखाद्या घरच्या पुण्यानुमोदनाच्या प्रसंगी दिवंगताचा जीवनपट वाचून दाखविण्याची पद्धत आहे. हे काम बहुधा एखाद्या विद्यार्थ्याकडे येते. त्याच्या हाती चरित्राचे जाड पुस्तक असते किंवा वर्तमानपत्रातील निधनवार्तेचे कात्रण असते. वाचायला मात्र दहाच मिनिटे मिळतात. मग घाईघाईने पुस्तकातील पाने ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने घटना उतरवून घेतल्या जातात, आणि चुकीची सुरुवात येथेच होते.

चरित्रकार आयुष्य नेहमी तारखेप्रमाणे सांगत नाही, तो विषयाप्रमाणे सांगतो. एका प्रकरणात शिक्षण, दुसऱ्यात चळवळ, तिसऱ्यात ग्रंथलेखन. निधनवार्ता तर शेवटापासून सुरू होते आणि मागे जाते. म्हणून पुस्तकाचा क्रम हा आयुष्याचा क्रम नव्हे, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी.

यावर साधा उपाय म्हणजे चिठ्ठ्या. पोस्टकार्डाएवढे कागद कापून घ्यावेत आणि एका चिठ्ठीवर एकच घटना लिहावी. वरच्या कोपऱ्यात साल, महिना व दिवस, त्याखाली ठिकाण, मग घटना एका वाक्यात, आणि शेवटी ती कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर मिळाली ते. सर्व चिठ्ठ्या झाल्यावर पत्त्यांप्रमाणे सालवार लावाव्यात.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण घेऊ. ‘शिक्षण’ या भागातून आपल्याला पुढील चिठ्ठ्या मिळतात : १९१३ कोलंबिया विद्यापीठात प्रवेश, १९१५ एम.ए., १९१६ लंडनला प्रयाण, १९१७ शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने भारतात परत, १९२१ लंडनची एम.एस्सी., १९२३ डी.एस्सी. ‘चळवळ’ या भागाची सुरुवात ‘मूकनायक’पासून होते. पुस्तकाच्या क्रमाने वाचणारा विद्यार्थी सभेत सांगतो की बाबासाहेब डी.एस्सी. झाले आणि मग त्यांनी ‘मूकनायक’ काढले. हे चूक आहे.

चिठ्ठ्या सालवार लावल्या की खरे चित्र दिसते. १९१७ साली परत आल्यावर नोव्हेंबर १९१८ मध्ये ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू झाले, मार्च १९२० मध्ये माणगावची परिषद झाली, आणि त्यानंतर त्याच वर्षी ते अपुरे शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. म्हणजे पत्र व परिषद या दोन्ही गोष्टी दोन लंडन-मुक्कामांच्या मध्ये बसतात. शिक्षण आधी व समाजकार्य नंतर, असा धडा कोणी त्यातून काढत असेल तर तो या क्रमाने टिकत नाही.

आता अवघड चिठ्ठी पाहू : कोलंबियाची पीएच.डी. काही ठिकाणी तिचे साल १९१७ असते, काही ठिकाणी १९२७. विद्यार्थी गोंधळतो व एक साल खोडून टाकतो. वास्तविक दोन्ही साले बरोबर आहेत, पण घटना दोन आहेत. त्यांचा प्रबंध विद्यापीठाने १९१७ साली मान्य केला. पदवी हाती पडण्यासाठी प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठाला देणे तेव्हा आवश्यक होते. तो ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला आणि पदवी १९२७ साली प्रदान झाली. म्हणून येथे दोन चिठ्ठ्या कराव्यात : ‘१९१७, प्रबंध मान्य’ आणि ‘१९२७, पदवी प्रदान’. दोन पुस्तकांत साले जुळत नसतील तर प्रथम हाच प्रश्न विचारावा की दोघे एकाच घटनेबद्दल बोलत आहेत काय.

निधनाच्या बाबतीतही असेच घडते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत झाले, अंत्यसंस्कार ७ डिसेंबरला मुंबईत झाले. कात्रणावर छापलेली तारीख ही बातमीची तारीख असते. त्यात ‘काल’ असा शब्द असेल तर एक दिवस मागे मोजावे. वयाचेही तसेच. १४ एप्रिल १८९१ पासून मोजले असता त्यांना ६५ वर्षे पूर्ण झाली होती व ६६ वे चालू होते. म्हणून ‘वयाच्या ६५ व्या वर्षी’ असे न लिहिता ‘६५ वर्षे पूर्ण झाल्यावर’ असे लिहावे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला आणि भारतरत्न १९९० साली मिळाले. या चिठ्ठ्या ‘मरणोत्तर’ असे शीर्षक देऊन वेगळ्या ठेवाव्यात.

आपल्या जिल्ह्यातील कार्यक्रमात आणखी एक चिठ्ठी अवश्य असावी. २२ व २३ फेब्रुवारी १९४१ रोजी कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषद झाली व तिला बाबासाहेब उपस्थित होते. स्थानिक म्हणून ती भाषणाच्या शेवटी जोडू नये. स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना (१९३६) आणि व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून नेमणूक (१९४२) यांच्यामध्ये तिची जागा आहे.

थोरांच्या चरित्रात तारखा सापडतात, पण आपल्या वस्तीतील आजोबा-आजींचे आयुष्य कोठे छापलेले नसते. घरची मंडळी ‘पोलीस ॲक्शनच्या साली’, ‘दुष्काळात’, ‘भूकंपाच्या वर्षी’ असे सांगतात. या खुणा पक्क्या आहेत : पोलीस ॲक्शन सप्टेंबर १९४८, मोठा दुष्काळ १९७२, भूकंप ३० सप्टेंबर १९९३. ‘नामांतराच्या वेळी’ असे कोणी म्हणाले तर मात्र थांबून विचारावे, कारण विधिमंडळाचा ठराव १९७८ चा आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ चा. ‘धाकटा तेव्हा शाळेत जात होता का?’ एवढे विचारले तरी उलगडा होतो. शाळेच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख दिसली तर जपून राहावे. गुरुजींनी अंदाजाने तीच तारीख घातल्याची उदाहरणे घरोघर आहेत. तसेच धम्मदीक्षेचे साल सर्वांना १९५६ लावू नये. पुष्कळांनी पुढील वर्षांत आपापल्या गावी दीक्षा घेतली. कोठे व कोणासोबत घेतली हे विचारावे. साल मिळालेच नाही तर ‘दुष्काळानंतर, भूकंपापूर्वी’ असे लिहून चिठ्ठी त्या जागी ठेवावी. अंदाजाचा आकडा घालू नये, कारण तोच पुढे कोनशिलेवर जातो.

दहा मिनिटांसाठी बारा चिठ्ठ्या पुरेत. ज्या घटनेनंतर त्या व्यक्तीचे ठिकाण, काम किंवा भूमिका बदलली ती ठेवावी. सत्कार व पदे यांच्या चिठ्ठ्या बाजूला काढाव्यात. चिठ्ठ्या गाळल्यावर ‘त्याच वर्षी’, ‘दोन वर्षांनी’ हे शब्द चुकीच्या घटनेला जाऊन चिकटतात, म्हणून ते काढून प्रत्यक्ष साल लिहावे. शेवटी जीवनपट घरातील वडीलधाऱ्यास सभेपूर्वी एकदा वाचून दाखवावा. चूक असेल तर ती सभेत नव्हे, त्या ओसरीवरच दुरुस्त होते.